बोनाफाइडवर जात सिद्ध होत नाही, आणि दाखल्यावर चारित्र्य तर नाहीच

"बोनाफाइड आणा." सरकारी खिडकीमागून हे दोन शब्द इतक्या सहज येतात की ते कशासाठी हवे, हे विचारण्याची हिंमत समोरच्याला होत नाही. एस.टी.चा पास काढायचा, बोनाफाइड आणा. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, बोनाफाइड आणा. जातीचा दाखला काढायचा, तरीही बोनाफाइडच आणा. पाठोपाठ दुसरे फर्मान सुटते: "चारित्र्याचा दाखला जोडा." माणूस उन्हातान्हात शाळा, तहसील आणि पोलीस ठाणे असे हेलपाटे घालतो, कागद जमवतो, आणि सहा महिन्यांनी कळते की त्या कागदाने जे सिद्ध व्हायला हवे होते ते झालेच नाही.

माझे म्हणणे एका वाक्यात मांडतो. कोणताही दाखला म्हणजे लेखी साक्ष आहे, आणि साक्षीदाराने जे स्वतः पाहिले तेवढ्याचीच त्याला साक्ष देता येते. मुख्याध्यापकाने पोराला वर्गात पाहिले, त्याच्या आजोबांचा व्यवसाय पाहिला नाही. ठाणे अंमलदाराने आपले रजिस्टर पाहिले, तुमच्या पोराचे मन पाहिले नाही. तरी आपली कार्यालये एकाची साक्ष दुसऱ्याच गोष्टीसाठी मागतात. त्याचा सर्वांत जास्त भुर्दंड ज्यांच्या घरात जुने कागद कमी आहेत त्यांना बसतो, आणि अशा घरांत आपली घरे फार आहेत.

बोनाफाइड नेमके काय सांगते

बोनाफाइडचा मजकूर नीट वाचा. अमुक विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी आमच्या शाळेत अमुक इयत्तेत अमुक शैक्षणिक वर्षी शिकत आहे किंवा शिकत होती. खाली जनरल रजिस्टरचा क्रमांक, त्या रजिस्टरप्रमाणे जन्मतारीख, कधी जन्मस्थळ, धर्म आणि जात, आणि शेवटी शिक्का व सही. यातला पहिला भाग ही मुख्याध्यापकाची खरी साक्ष आहे, कारण विद्यार्थी हजर होता की नाही हे शाळेला माहीत असते. दुसरा भाग साक्ष नाही, ती नक्कल आहे. रजिस्टरमध्ये जे लिहिले आहे ते इथे उतरवले, एवढाच त्याचा अर्थ.

मग रजिस्टरमध्ये ते लिहिले कोणी? पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी जो कोणी पोराचे बोट धरून आला त्याने सांगितले, आणि गुरुजींनी किंवा कारकुनाने लिहिले. कधी अब्बा आले, कधी मामू, कधी शेजारच्या खाला. जन्माचा दाखला नसेल तर जून महिन्यातली सोयीची तारीख पडली. आपल्याकडे एकाच मोहल्ल्यातल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला येतो, तो असा.

न्यायालयांनी हे फार पूर्वी ओळखले आहे. बिराद मल सिंघवी विरुद्ध आनंद पुरोहित या १९८८ च्या खटल्यात निवडणुकीच्या उमेदवारांच्या वयाचा वाद होता आणि पुरावा म्हणून शाळेची नोंद पुढे केली होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शाळेचे रजिस्टर पुराव्यात दाखल होऊ शकते, पण ती जन्मतारीख कोणाच्या सांगण्यावरून आणि कशाच्या आधारे लिहिली हे समोर आले नाही तर त्या नोंदीला वजन राहत नाही. काही ठिकाणी कायदाच शाळेच्या तारखेला मान देतो. उदाहरणार्थ, २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ मध्ये वय ठरवताना शाळेचा दाखला आधी पाहायचा आहे. तिथे प्रश्न नाही, कारण कायद्याने तसे स्पष्ट म्हटले आहे. प्रश्न आहे तो कायद्याने न म्हटलेल्या जागी नकलेला साक्ष समजण्याचा.

ज्या कार्यालयांना फक्त "हा विद्यार्थी आहे का" एवढेच हवे असते, त्यांनी बोनाफाइड मागणे रास्त आहे. एस.टी. आणि रेल्वेचा सवलतीचा पास, शिष्यवृत्तीचा अर्ज, शैक्षणिक कर्ज देणारी बँक, वसतिगृह, या सगळ्यांना तेच हवे असते. तिथे चालू वर्षाचे बोनाफाइड द्यावे आणि विषय संपवावा. त्यांनी जातीचा रकाना पाहण्याचे कारण नाही आणि आपणही तो भरून घेण्यासाठी शाळेशी भांडण्याचे कारण नाही.

गडबड सुरू होते ती शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून. अस्सल दाखला एकदाच मिळतो आणि तो कॉलेजात जमा होतो. त्यानंतर कोणत्याही कार्यालयाने "शाळेचा पुरावा" मागितला की माणूस शाळेत जाऊन बोनाफाइड आणतो किंवा कॉलेजातून आणतो. कॉलेजचे बोनाफाइड हे शाळेच्या दाखल्यावरून, शाळेचा दाखला रजिस्टरवरून आणि रजिस्टर कोणाच्या तरी तोंडच्या शब्दावरून. नकलेची नक्कल पुढ्यात घेऊन कारकून जात ठरवायला बसतो.

एक घर घेऊ

समजा, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे बागवान कुटुंब आहे. आजोबांनी आयुष्यभर बाजारात फळे विकली, वडीलही तेच करतात. मुलगी बारावी विज्ञान झाली आहे आणि तिला फार्मसीला जायचे आहे. बागवान ही जात महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहे, त्यामुळे तिला ओबीसीचा दाखला आणि पुढे वैधता मिळाली तर जागाही मिळेल आणि फीचा मोठा भारही कमी होईल. मुलीचे आडनावसुद्धा बागवान आहे. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म "मुस्लिम" आणि जातीच्या रकान्यात पुन्हा "मुस्लिम". वडिलांच्या दाखल्यावर "मुसलमान". बस्स.

सेतू केंद्रातला मुलगा म्हणतो, "यावर बागवान कुठे आहे? शाळेतून जात लिहिलेले बोनाफाइड आणा." इथेच पहिली चूक होते. शाळेला रजिस्टरबाहेरचे काही लिहिता येत नाही. मुख्याध्यापक नियमाने चालणारे असतील तर ते पुन्हा "मुस्लिम" असेच लिहून देतील आणि फेरी फुकट जाईल. मुख्याध्यापक भले असतील, पोरीवर दया करतील आणि रजिस्टरमध्ये नसताना बोनाफाइडवर "मुस्लिम बागवान" लिहून देतील, तर त्याहून वाईट. त्या कागदावर प्रांत कार्यालयातून जातीचा दाखला निघूनही जाईल. पण वैधतेसाठी प्रकरण जिल्हा जात पडताळणी समितीकडे गेले की दक्षता पथकाचा माणूस बोनाफाइड पाहत बसणार नाही, तो शाळेत जाऊन मूळ रजिस्टर उघडेल. रजिस्टरमध्ये एक आणि बोनाफाइडवर दुसरे दिसले की दयेने दिलेला तो एक शब्द खोट्या पुराव्याच्या शंकेत जाईल आणि खरी बागवान असलेली मुलगी बनावट ठरेल. कायद्यानुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे, समितीवर नाही, आणि खोट्या दाखल्यासाठी त्याच कायद्यात तुरुंगवासाची शिक्षा आहे. मुख्याध्यापकांची भलाई तेव्हा उपयोगी पडत नाही.

मग करायचे काय? मुलीच्या जातीसाठी मुलीचा कागद पुरत नाही, हे आधी समजून घ्यायचे. ओबीसीसाठी मानीव दिनांक १३ ऑक्टोबर १९६७ आहे आणि भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. समितीला त्या तारखेच्या आधीची नोंद हवी असते, कारण आरक्षणाचा लाभ ठाऊक होण्याआधी लिहिलेल्या शब्दावर न्यायालयेही अधिक भरवसा ठेवतात. म्हणून शोध पोरीच्या शाळेत नव्हे, आजोबांच्या शाळेत घ्यायचा. आजोबा साधारण १९५० चे असतील तर ते १९५६-५७ च्या सुमारास पहिलीत गेले असणार. त्या गावच्या जिल्हा परिषदेच्या मराठी किंवा उर्दू प्राथमिक शाळेत लेखी अर्ज करायचा आणि मागायचा तो "प्रवेश निर्गम रजिस्टरचा उतारा", बोनाफाइड नव्हे. हा उतारा नोंद जशी आहे तशी देतो. त्यात "मुसलमान बागवान" किंवा नुसते "बागवान" असे असेल तर त्या एका ओळीचे वजन आजच्या दहा बोनाफाइडांपेक्षा जास्त आहे. आजोबा शाळेतच गेले नसतील, आणि त्या पिढीत ते नवल नाही, तर त्यांच्या सख्ख्या किंवा चुलत भावाची नोंद शोधायची, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद पाहायची. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला आधीच वैधता मिळाली असेल तर तो सर्वांत मोठा आधार.

यात आपल्या नावांची एक खास अडचण येते. १९५६ च्या रजिस्टरमध्ये आडनाव नसेल, "दस्तगीर मकबूल" एवढेच असेल. आधार कार्डावर तेच आजोबा "बागवान दस्तगीर मकबूलसाब" असतील. वडिलांच्या दाखल्यावर मधले नाव "दस्तगीर" असेल तर मतदार यादीत "गुलाम दस्तगीर". कारकुनाला ही तीन माणसे वाटतात. म्हणून उताऱ्यासोबत वंशावळ शपथपत्रावर द्यायची आणि प्रत्येक पिढीचा एक तरी कागद असा ठेवायचा की ज्यावर बाप आणि मुलगा दोघांची नावे एकत्र येतात. रजिस्टर उर्दूत असेल तर उताऱ्याबरोबर मराठी भाषांतर लागते. बोनाफाइडच्या चार फेऱ्यांत जेवढा वेळ जातो तेवढ्याच वेळात हे होऊ शकते, पण कोणीतरी पहिल्याच दिवशी खरे सांगायला हवे. ते सेतूवाला सांगत नाही, कारण त्याच्या यादीत "बोनाफाइड" असा छापील शब्द आहे आणि तो कशासाठी आहे हे त्यालाही कोणी सांगितलेले नाही.

"आमच्यात जात नसते" म्हणणाऱ्यांसाठी

आता आपल्याच लोकांशी बोलायला हवे. जातीच्या रकान्यात "मुस्लिम" हा शब्द कारकुनाने एकट्याने लिहिलेला नाही. निम्म्या वेळा तो आपण सांगितला आहे. गुरुजींनी "जात?" विचारले आणि आपण छाती पुढे काढून म्हणालो, "मुसलमान." कोणी त्यावर तकरीरही केली की इस्लाममध्ये जातपात नाही, सगळे बराबर आहेत.

इस्लामच्या शिकवणीत माणसे बरोबरीची आहेत, हे मीही मानतो. पण त्या रजिस्टरमध्ये धर्मासाठी वेगळा रकाना आहे आणि तिथे "मुस्लिम" लिहिले की ईमानाची नोंद पूर्ण होते. शेजारचा रकाना तुमचा अकीदा विचारत नाही. तुमचे घराणे कोणत्या कामाचे, कोणत्या बिरादरीचे, गाव तुम्हाला काय म्हणून ओळखत आले, हे तो विचारतो. लग्न जमवताना आपण हे विचारतोच ना? "बागवानांत आहेत का? अत्तार आहेत का? मोमीन आहेत का?" सोयरीक करताना जात आठवते आणि रजिस्टरपुढे मात्र विसरते, असे दुहेरी वागणे चालायचे नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या इंद्रा सहानी निकालात स्पष्ट केले आहे की मागासलेपण हिंदूंपुरते नाही. मुस्लिमांमधले व्यावसायिक समूहसुद्धा सामाजिकदृष्ट्या मागास असू शकतात आणि ते आरक्षणात येऊ शकतात. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ याच मुद्द्यावर उभी राहिली. शब्बीर अन्सारींनी ती गावोगाव नेली आणि दिलीपकुमारसारखा माणूस तिच्या व्यासपीठावर उभा राहिला. ती चळवळ यादीत नाव यावे एवढ्यासाठी नव्हती, यादीतले नाव पोराच्या दाखल्यावर उतरावे यासाठी होती. आपण मात्र धर्माच्या नावाने मिळणाऱ्या आरक्षणाची वाट पाहत बसलो. २०१४ मध्ये पाच टक्क्यांचा अध्यादेश आला आणि कायद्यात रूपांतर न होता विरला. ज्यांच्या हाती ओबीसीची वैधता होती त्यांच्या पोरांचे त्याने काही बिघडले नाही. ज्यांच्या दाखल्यावर दोन्ही रकान्यांत "मुस्लिम" होते ते आजही मोर्चाची तारीख विचारतात.

पोर शाळेत असेपर्यंत ही दुरुस्ती होऊ शकते. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे रजिस्टरमधले नाव, जात किंवा जन्मतारीख मुख्याध्यापक आपल्या मर्जीने बदलू शकत नाहीत, त्यांना शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. पालकांचा अर्ज आणि वर सांगितलेला जुना उतारा जोडून शाळेमार्फत प्रस्ताव जातो. शाळा सुटल्यावर मात्र उघड लेखनदोषापलीकडे काही बदलून घेणे फार अवघड होते. म्हणजे दहावीच्या आधीच हे बघायला हवे, बारावीच्या निकालानंतर नव्हे. आणि एक लक्षात ठेवा, नव्याने बदललेली नोंद ही जात सिद्ध करत नाही, ती फक्त जुन्या पुराव्याशी विसंगत राहत नाही. मूळ पुरावा आजोबांचाच.

चारित्र्याचा दाखला: कोणाचे, कोणी पाहिलेले?

आता दुसरा कागद. याच घरातला मोठा मुलगा सरकारी भरतीत निवडला गेला आहे. त्याला "चारित्र्याचा दाखला" मागितला. या एका नावाखाली तीन वेगळे कागद फिरतात आणि लोक चुकीचा कागद घेऊन योग्य खिडकीवर उभे राहतात.

पहिला शाळा-कॉलेजचा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर "वर्तणूक" असा रकाना असतो आणि त्यात "चांगली" असते. बहुतेक शाळांत ती अक्षरे सगळ्यांसाठी सारखीच असतात. या कागदाचा खरा अर्थ एवढाच की शाळेत असताना याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली नाही. कॉलेज बदलताना किंवा पुढच्या प्रवेशाला तो मागणे समजू शकते. पण दहा वर्षांपूर्वी शाळा सोडलेल्या माणसाकडून नोकरीसाठी तो मागणे म्हणजे कागद भरून फाइल जाड करणे आहे.

दुसरा पोलिसांचा, चारित्र्य पडताळणीचा. अर्ज ऑनलाइन होतो, पडताळणी राहत्या पत्त्याच्या पोलीस ठाण्यातून होते आणि प्रमाणपत्र आयुक्तालय किंवा जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातून मिळते. तो एवढेच सांगतो की आमच्या अभिलेखावर या व्यक्तीविरुद्ध अमुक तारखेपर्यंत काही नोंद आहे किंवा नाही. खाजगी कंपन्या, सुरक्षा रक्षकांच्या एजन्सी, शाळांच्या बसचालकांच्या नेमणुका यांत हा मागतात. आखातात नोकरीला जाणाऱ्यांनी मात्र हे नीट ऐकावे: व्हिसासाठी सहसा लागतो तो पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस क्लिअरन्स दाखला. त्याचा अर्ज पासपोर्ट सेवा केंद्रातून जातो. स्थानिक पोलिसांचा दाखला तिथे नेऊन उपयोग होत नाही आणि एजंटाला दोनदा पैसे जातात.

तिसरा म्हणजे सरकारी नोकरीचा साक्षांकन नमुना. हा दाखला नाही, ही तुमची स्वतःची साक्ष आहे. तुम्ही लिहायचे आणि मग शासन पोलिसांकडून ती पडताळणार. सर्वांत जास्त घरे इथेच उद्ध्वस्त होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्या वस्त्यांमध्ये सणासुदीच्या किंवा मिरवणुकीच्या आधी पोलीस नोटिसा वाटतात. दोन प्रकार आहेत. पहिली नुसती ताकीद, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४९, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६८. दुसरी म्हणजे ज्याला सगळे "चॅप्टर केस" म्हणतात ती, जुने कलम १०७, आता १२६, ज्यात कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करून शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून घेतात. दोन्हींत गुन्हा सिद्ध झालेला नसतो, दुसऱ्या प्रकारातसुद्धा नाही. ही पुढचे टाळण्याची कारवाई आहे. पण ठाण्याच्या अभिलेखात ती राहते. बाहेरच्या माणसाला वाटते, नोंद आहे म्हणजे पोरगा गुंड. वस्तीला ठाऊक असते की त्या दिवशी कट्ट्यावर बसलेल्या सगळ्यांची नावे लिहून नेली होती.

केंद्र सरकारच्या साक्षांकन नमुन्यात प्रश्न असा असतो की तुम्हाला कधी अटक झाली होती का, खटला भरला होता का, स्थानबद्ध केले होते का, बंधपत्र लिहून घेतले होते का, दंड किंवा शिक्षा झाली होती का, परीक्षेतून किंवा विद्यापीठातून बाद केले होते का. या यादीत नुसती ताकीदीची नोटीस बसत नाही. बंधपत्र मात्र बसते. आपल्या मुलाने, समजा, दोन वर्षांपूर्वी बंधपत्र लिहून दिले होते. चुलता सांगतो, "लिहू नकोस, कोणाला कळतंय?" मुलगा "नाही" लिहितो. पडताळणीत नोंद निघते आणि नेमणूक जाते. ती बंधपत्रामुळे जात नाही, खोट्या "नाही"मुळे जाते.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात हाच गुंता सोडवला आहे. माहिती खरी दिली पाहिजे आणि लपवता कामा नये, हे त्याने ठामपणे सांगितले. पण तेवढेच सांगितले नाही. जे नेमके विचारले तेवढेच सांगण्याची जबाबदारी उमेदवारावर आहे. आणि तरुण वयात घोषणा देण्यासारखे किरकोळ प्रकरण असेल तर ते लपवले गेले तरी नियुक्ती देणारा अधिकारी विवेकाने सोडून देऊ शकतो. खरे सांगितल्यावर नोकरी मिळेलच अशी हमी त्या निकालात नाही, कारण पूर्ववृत्त तपासण्याचा अधिकार मालकाकडे राहतो. पण खरे सांगणाऱ्याला प्रकरणाचे स्वरूप पाहा असे म्हणण्याचा हक्क राहतो, खोटे सांगणाऱ्याच्या हातून तोही जातो. म्हणून प्रश्न शब्दशः वाचायचा, प्रत्येक क्रियापदापुढे थांबायचे आणि जे झाले ते तारखेसह व प्रकरणाच्या निकालासह लिहायचे. निर्दोष सुटला असाल तर निकालाची प्रमाणित प्रत जोडायची.

"मग बोगसगिरी कशी थांबवायची?"

यावर अधिकारी हमखास म्हणतात की कागद कमी मागितले तर बोगस लोक घुसतील. हे उलटे आहे. बोगस माणसाला बोनाफाइड मिळवणे सर्वांत सोपे जाते, कारण ती एका सहीची गोष्ट आहे. १९५६ चे रजिस्टर नव्याने लिहिणे अवघड आहे, शाई आणि ओळींचा क्रमच चुगली करतो. खऱ्या माणसाला मात्र बोनाफाइडच्या फेऱ्यांत दमवले जाते आणि मूळ रजिस्टरकडे जायचे कोणी सांगत नाही. कमकुवत पुरावा मागून बोगसगिरी थांबत नाही, त्याने फक्त गरीब थांबतो.

तीच गोष्ट राष्ट्रीयत्वाच्या रकान्याची. शाळेच्या दाखल्यावर "राष्ट्रीयत्व: भारतीय" असे लिहिलेले असते. कोणत्याही मुख्याध्यापकाने नागरिकत्वाची चौकशी करून ते लिहिलेले नसते. उद्या कोणी तो रकाना कोरा आहे म्हणून एखाद्याला परका ठरवायला निघाला, तर तोही मुख्याध्यापकाने न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष मागतो आहे. आणि तो रकाना भरलेला आहे म्हणून आपण निर्धास्त झालो, तर आपणही तीच चूक करतो.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कार्यालयाने कागदांच्या यादीत प्रत्येक दाखल्यापुढे लिहावे की तो कोणती गोष्ट सिद्ध करण्यासाठी हवा आहे. "बोनाफाइड: विद्यार्थी असल्याचा पुरावा." "प्रवेश निर्गम उतारा: जातीच्या जुन्या नोंदीसाठी." "पोलीस पडताळणी: अभिलेखावरील नोंदीसाठी." असे लिहावे लागले की ज्या कागदापुढे काहीच लिहिता येत नाही तो यादीतून आपोआप गळेल. शाळांनी प्रवेशाच्या दिवशी भरलेले रकाने पालकांना मोठ्याने वाचून दाखवावेत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तर नक्कीच. फी थकली म्हणून दाखला अडवू नये. आठवीपर्यंत तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दुसरीकडे जाणाऱ्या मुलाला दाखला तत्काळ द्यायचा आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

आणि खिडकीवर उभे असलेल्या आपण एकच प्रश्न विचारायचा, न चिडता, पण उत्तर मिळेपर्यंत: "साहेब, हा कागद आपल्याला कोणत्या गोष्टीच्या पुराव्यासाठी हवा आहे?" उत्तर मिळाले तर योग्य कागद कोणता ते आपल्याला कळेल. मिळाले नाही तर "आणा" म्हणणाऱ्यालाही कळेल की तो सवयीने बोलत होता.